दसऱ्याचा मसाला, सप्टेंबरचे पाउच

पन्नास हजार पाउचांची छपाई मोठ्या रोटोग्रॅव्हर मशीनवर जेमतेम अर्ध्या तासात उरकते. हिशेब अगदी सोपा आहे. पाव किलो मसाल्याचा उभा राहणारा पाउच साधारण १४ सेंटिमीटर रुंद असतो. फिल्मच्या रुंदीत असे दोन पाउच शेजारी शेजारी बसवले, तर पन्नास हजारांसाठी साडेतीन हजार मीटर फिल्म लागते. मशीन मिनिटाला दीडशे मीटर पळत असेल, तर तेवीस-चोवीस मिनिटांत काम खलास. तरीही याच पाउचांसाठी घरगुती मसाल्यांचे किती तरी उद्योग सणाच्या तोंडावर पुरवठादाराला दिवसातून चार-चार फोन करत बसलेले असतात. घोडे अडते कुठे, ते कळल्याशिवाय आपली तारीख पक्की कशी मागायची हेही कळत नाही.

एक उदाहरण धरून चालू. व्यक्ती कल्पित आहे, पण व्यवहार रोजचाच आहे. साताऱ्याकडची एक उद्योजिका कांदा-लसूण मसाला आजवर साध्या पिशवीत स्टिकर लावून विकत होती. आता तिला छापील पाउचमध्ये तो बाजारात आणायचा आहे आणि मुहूर्त धरला आहे दसऱ्याचा. २०२६ साली दसरा २० ऑक्टोबरला आहे. वितरकांना तारीख कळवून झाली आहे, तालुक्याच्या ठिकाणी छोटा कार्यक्रम ठरला आहे. पाउच छापून देणारा कारखाना वसईला. जूनमध्ये भाव ठरला तेव्हा पलीकडून उत्तर आले, “ताई, टेन्शन घेऊ नका, दसऱ्याच्या आधी माल पोचतो.” बोलणारा माणूस खोटे बोलत नव्हता. पण तो विक्री विभागातला होता. मशीनवर कोणता जॉब कधी चढणार हे ठरवणाऱ्याशी त्याचे अजून बोलणेही झालेले नव्हते.

रोटोग्रॅव्हरमध्ये प्रत्येक रंगाला एक सिलिंडर लागतो. पोलादी रोळावर तांब्याचा थर, त्यावर हिऱ्याच्या टोकाने कोरलेले बारीक खड्डे आणि वरून क्रोमचा मुलामा. सात रंगांचे डिझाइन म्हणजे सात सिलिंडर. जॉब बदलताना आधीचे सिलिंडर उतरवायचे, शाईच्या ट्रे धुवायच्या, नवे सिलिंडर चढवायचे, जादा शाई खरवडणारी पाती बसवायची आणि मग सातही रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत फिल्म पळवत राहायचे. यात दोन-तीन तास सहज जातात आणि काही शे मीटर फिल्म रद्दीत निघते. म्हणजे तेवीस मिनिटांच्या छपाईसाठी तीन तासांची तयारी. त्याच मशीनवर वेफर्सवाल्या मोठ्या गिऱ्हाइकाचा जॉब एकदा चढला की पाळीच्या पाळी चालतो. नियोजन करणाऱ्याने कोणाला आधी घ्यावे, हे सांगायला नकोच. आपला चारशे किलोंचा जॉब तो एखाद्या मोठ्या जॉबच्या मागेपुढे फट मिळेल तिथे सरकवतो, आणि मोठा जॉब लांबला की फटही पुढे सरकते. यात त्याचा आकस काही नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच केले असते.

म्हणून “माल कधी मिळेल?” हा प्रश्नच मुळात कच्चा आहे. त्याचे उत्तर अंदाजानेच येते. विचारायचे ते असे, की आमचा जॉब छपाईच्या मशीनवर कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत चढणार, आणि ती तारीख तुमच्या प्लॅनिंगच्या तक्त्यावर लिहिली गेली आहे का? या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देता येत नाही. विक्रीवाल्याला उठून आत जावेच लागते.

पण आपण मागायची तारीख कोणती, हे आधी आपल्याला माहीत हवे. ती दसऱ्यापासून उलटी मोजत यायची. दुकानांच्या फळीवर माल १५ ऑक्टोबरपर्यंत हवा. गावोगावच्या वितरणाला आठवडा, भरणी-सीलिंगला आठवडा, आणि पाउच आल्यावर ते आपल्या मशीनवर नीट सील होतात का हे पाहायला दोन-तीन दिवस. म्हणजे पाउच साताऱ्यात २८ सप्टेंबरच्या आसपास उतरले पाहिजेत. वसईहून ट्रान्सपोर्टचे दोन-तीन दिवस धरले की कारखान्यातून माल २५ तारखेला निघायला हवा.

आता कारखान्याच्या आतले दिवस. छापलेली फिल्म म्हणजे पाउच नव्हे. मसाल्याच्या पाउचला बहुधा तीन थर असतात. बाहेर १२ मायक्रॉनचे पॉलिस्टर, मध्ये चकचकीत मेटलाइज्ड पॉलिस्टर आणि आत सील होणारे पॉलिथिन. छपाई बाहेरच्या थराच्या आतल्या बाजूला, उलटी होते, म्हणून शाई हाताला लागत नाही. हे थर चिकटद्रव्याने जोडणे म्हणजे लॅमिनेशन. तीन थरांसाठी दोन जोड. जोडल्यावर रोल गरम खोलीत, ४०-४५ अंशांत, साधारण एक ते दोन दिवस ठेवतात. याला क्युअरिंग म्हणतात. चिकटद्रव्य पक्के व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि घाई करायची झाली की पहिली कात्री याच वेळेवर चालते.

ती कशी ओळखायची? पाउचचा एक कोपरा कापायचा आणि थर नखाने सुटे करून पाहायचे. पक्के झालेले लॅमिनेट सहजी सुटत नाही. ओढत राहिले तर फिल्मच ताणते किंवा फाटते. कच्चे असेल तर कागदाला लावलेला ओला डिंक सुटावा तसे थर अलगद वेगळे होतात आणि आत चिकटपणा लागतो. दुसरी खूण वासाची. मूठभर पाउच बंद बरणीत घालून बरणी तासभर उन्हात ठेवायची आणि झाकण उघडून हुंगायचे. थिनरसारखा वास आला, तर शाईतला किंवा चिकटद्रव्यातला सॉल्व्हंट पुरता उडालेला नाही. एरवी वास आला तर आला, पण कांदा-लसूण मसाल्याला तो परवडणारा नाही. तिखटाआधी रंगाचा वास येणारा मसाला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही.

लॅमिनेशन आणि क्युअरिंगनंतर स्लिटिंग, म्हणजे रुंद रोल कापून हव्या त्या रुंदीचे रोल करणे, आणि शेवटी पाउचिंग. पाउच बनवणारे मशीन छपाईच्या मशीनच्या मानाने फारच सावकाश चालते. मिनिटाला ऐंशी पाउच धरले तरी पन्नास हजारांना अकरा तासांच्या आसपास लागतात; मध्ये झिप बसवायची असेल तर त्याहून जास्त. आणि या मशीनचीही स्वतःची वेगळी रांग असते! छपाई वेळेत झाली म्हणून निर्धास्त झालेल्यांचा माल इथे आठवडा-आठवडा पडून राहिलेला असतो. त्यामुळे मागताना दोन तारखा मागायच्या, एक छपाईची आणि एक पाउचिंगची.

सगळे सुरळीत चालले तर छपाईपासून पाउच हातात येईपर्यंत सहा-सात दिवस. २५ सप्टेंबरमधून ते वजा केले की छपाई १८ तारखेला. कागदावर ठीक दिसते. पण २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी २५ ला. वसईच्या कारखान्यातला कोकणी माणूस चतुर्थीच्या दोन दिवस आधीच गाडीत बसलेला असतो आणि गौरी-विसर्जनाआधी परतत नाही. हे दहा-बारा दिवस कारखाना बंद नसतो, पण अर्ध्या माणसांवर चालतो. शिवाय साप्ताहिक सुटी. ती सगळीकडे रविवारीच असते असे नाही; पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात बहुधा गुरुवारी असते. तेव्हा आपल्या पुरवठादाराची कधी, हे विचारून ठेवायचे. म्हणजे खरी मागायची तारीख १८ सप्टेंबर नव्हे, गणपतीच्या आधीची. मंगळवार, ८ सप्टेंबर. छपाई ८ ला, लॅमिनेशन ९ ला, क्युअरिंग ११ पर्यंत, मग स्लिटिंग. पाउचिंग चतुर्थीआधी झाले तर उत्तम; नाही झाले तरी २५ पर्यंत हाताशी वेळ राहतो.

याच मोजणीत आणखी मागे गेले की सिलिंडर येतात. सिलिंडर बनवणारा बहुतेक वेळा तिसराच असतो. डिझाइनला अंतिम मंजुरी मिळाल्यापासून सिलिंडर कोरून, प्रूफ दाखवून कारखान्यात पोचायला दहा-बारा कामाचे दिवस धरावेत. म्हणजे २० ऑगस्टला डिझाइन गोठले पाहिजे. गोठले म्हणजे गोठले. नंतर “मिरचीचा लाल जरा गडद करा ना” हा एक निरोप गेला, की पुरवठादाराला आपली तारीख दुसऱ्याला द्यायला सबळ कारण मिळते. माझ्या पाहण्यात हुकलेल्या तारखांपैकी निम्म्याअधिक या डिझाइनपायीच हुकल्या आहेत, आणि दोष मात्र कारखान्याच्या माथी गेला आहे.

एवढे झाल्यावर पत्र लिहायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे रोज होतेच, पण तारीख मागायची ती ईमेलने, आणि पत्ता विक्रीवाल्याबरोबर प्लॅनिंगवाल्याचाही घालायचा. आमच्या उद्योजिकेने ते काहीसे असे लिहावे:

“सप्रेम नमस्कार. कांदा-लसूण मसाला, २५० ग्रॅम, स्टँड-अप पाउच, ५०,००० नग, या आमच्या ऑर्डरसंबंधी. हे उत्पादन २० ऑक्टोबरला, दसऱ्याला बाजारात येत आहे. तारीख वितरकांना जाहीर झाली असून ती बदलता येणार नाही. त्यासाठी पाउच साताऱ्यात २८ सप्टेंबरपर्यंत पोचणे आवश्यक आहे. म्हणून छपाई ८ सप्टेंबरला आणि पाउचिंग १८ सप्टेंबरच्या आत, अशा दोन तारखा आपल्या नियोजनात राखून ठेवाव्यात ही विनंती. आमच्याकडून सिलिंडरची पूर्ण रक्कम आणि ऑर्डरची निम्मी रक्कम ५ ऑगस्टला, डिझाइनची लेखी मंजुरी २० ऑगस्टला मिळेल. रंग मंजूर करायला आमचा माणूस ८ तारखेला सकाळी दहा वाजता मशीनवर हजर राहील. ८ तारीख शक्य नसल्यास १५ जुलैपर्यंत तसे कळवावे आणि आपल्याला जमणारी सर्वांत जवळची तारीख द्यावी. माल एकरकमी शक्य नसल्यास पहिले १५,००० नग २८ सप्टेंबरपर्यंत चालतील.”

या पत्रात विनवणी नाही आणि दमदाटीही नाही. ‘तातडीने’, ‘लवकरात लवकर’ हे शब्द मुद्दाम टाळले आहेत, कारण प्लॅनिंगवाल्याकडे येणारे प्रत्येक पत्र तातडीचेच असते. त्याला उपयोगी पडतात त्या आपल्या तारखा: पैसे कधी, मंजुरी कधी. त्याची खरी भीती वेगळीच असते. ८ तारीख राखून ठेवली आणि गिऱ्हाइकाचे डिझाइनच आले नाही, तर मशीन रिकामे राहणार. या भीतीपोटीच एका तारखेवर दोन-दोन जॉब घेतले जातात. आपली बाजू तारखांनिशी लिहून दिली की ती भीती कमी होते.

‘नाही’ म्हणायची वाट ठेवली आहे, तीही जाणूनबुजून. जुलैत आलेला नकार म्हणजे नुकसान नव्हे. भोसरी, वापी किंवा सिल्वासात दुसरा कारखाना शोधायला वेळ असतो. सप्टेंबरात आलेल्या नकाराचे काहीच करता येत नाही.

आणि तो मशीनवर हजर राहणारा माणूस. रंग मंजुरीसाठी कोणीतरी जायचेच असते. पहिले काही मीटर निघाल्यावर तो नमुना मंजूर रंगपत्रकाशी ताडून पाहतो, नमुन्यावर सही करतो आणि मगच मशीन वेग घेते. पण साताऱ्याहून माणूस निघणार हे आधी कळवले की त्या तारखेला वजन येते. सहा तारखेला फोन करून “माणूस निघतोय, या ना?” एवढेच विचारायचे. तारीख कच्ची असेल तर ती याच फोनवर फुटते.

उत्तर आल्यावर ते नीट वाचायला हवे. “आपली ऑर्डर प्राधान्याने घेतली जाईल” हे उत्तर नव्हे. वेटिंगच्या तिकिटावरही नाव आपलेच छापलेले असते. होकार पक्का असेल तर त्यात तारीख असते, जॉबचा नंबर असतो आणि बहुतेक वेळा एक अट असते: अमुक तारखेपर्यंत अ‍ॅडव्हान्स आणि मंजुरी आली तर. अट असलेला होकार मला बिनशर्त होकारापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण अट घालणाऱ्याने तक्ता पाहिलेला असतो. पुढे ऑगस्टच्या शेवटी दोन गोष्टी तपासायच्या. सिलिंडर कारखान्यात पोचले का, आणि फिल्मचे रोल गोदामात आले का. सिलिंडरच्या टोकाशी जॉबचे नाव आणि नंबर असतो. त्याचा फोटो मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. सिलिंडर आले नसताना ‘८ तारीख फिक्स आहे’ असे कोणी म्हणत असेल, तर ती तारीख गेली असे समजून पुढच्या तयारीला लागावे.

पत्रात दसऱ्याचा उल्लेख केवळ भावनेचा नाही. त्याला कायद्याचा आधार आहे. १८५३ साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या एका गिरणीचा दांडा मोडला. नव्यासाठी नमुना म्हणून तो ग्रीनिचला पाठवला, वाहतूकदाराने दिरंगाई केली आणि गिरणी बंद राहिली. हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात गिरणीवाल्यांना बुडालेल्या नफ्याची भरपाई मिळाली नाही. दांडा पोचेपर्यंत गिरणी बंद राहणार, हे वाहतूकदाराला ठाऊक होते असे कोर्टाला दिसले नाही. आपल्या भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या कलम ७३ मध्ये हेच तत्त्व आहे. करार करतानाच जे नुकसान दोघांना माहीत होते, त्याची भरपाई मागता येते. कलम ५५ आणखी कामाचे. वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर करार मोडायचा हक्क खरेदीदाराला मिळतो. पण उशिरा आलेला माल गुपचूप उतरवून घेतला, तर पुढे भरपाई मागता येत नाही. घेतानाच तशी लेखी सूचना द्यावी लागते. चलनावर सही करताना ‘उशिरा मिळाला, भरपाईचा हक्क राखून’ एवढी एक ओळ लिहिणारे फार थोडे.

अर्थात पन्नास हजार पाउचांसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. उशिराच्या प्रत्येक आठवड्याला अमुक टक्के कपात, असे कलम मोठ्या कंपन्या ऑर्डरमध्ये घालतात. चारशे किलोवाल्याने घातले तर पुरवठादार हसून ऑर्डरच सोडून देईल. लहान खरेदीदाराच्या हातात दोनच गोष्टी असतात: वेळेवर पोचलेला अ‍ॅडव्हान्स आणि वेळेवर गोठलेले डिझाइन. ज्याचे मागचे बिल थकले आहे त्याने तारीख मागायला जाऊच नये.

डिझाइन गोठवताना एक खबरदारी मात्र घ्यायची. एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक सेवेचा फोन हा मजकूर एकाच सिलिंडरवर, शक्यतो काळ्यावर ठेवायचा. उद्या पत्ता बदलला तर सातऐवजी एकच सिलिंडर नवा करावा लागतो. किंमत, बॅच आणि पॅकिंगची तारीख तर कोरायचीच नाही. त्यासाठी कोरी चौकट सोडायची आणि भरणीच्या वेळी इंकजेटने छापायचे. पाउच छापून झाल्यावर मिरचीचा भाव चढला म्हणून पन्नास हजार पाउचांवर स्टिकर चिकटवत बसलेली माणसे मसाल्याच्या धंद्यात नवी नाहीत. आणखी एक. ५०,००० मागवले की नेमके ५०,००० येत नाहीत. या धंद्यात दहा टक्के कमी-जास्त चालते, आणि ते ऑर्डरच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलेही असते. दसऱ्याला ४८,००० लागणार असतील तर ऑर्डर ५४,००० ची हवी.

एवढे करूनही ८ तारीख हुकू शकते. मशीन बंद पडते, फिल्म उशिरा येते. तेव्हा पुरवठादाराशी भांडण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा पत्रातले ते १५,००० नग आधी मागायचे. पाउचिंगच्या मशीनवर तेवढे तीन-सव्वातीन तासांत निघतात, आणि एवढी फट नियोजनवाला काढू शकतो. निर्णयाची शेवटची तारीखही आधीच ठरवून ठेवायची. इथे ती १८ सप्टेंबर. त्या दिवसापर्यंत छापलेला रोल गरम खोलीत गेला नसेल, तर दसऱ्यापुरते कोरे चंदेरी पाउच बाजारातून घ्यायचे, पुण्यात लेबल छापून घ्यायचे आणि पहिले पाच-सात हजार नग तसेच भरायचे. पाउचला लेबल मॅट आहे की ग्लॉसी, हे दसऱ्याच्या गिऱ्हाइकाला फारसे दिसत नाही. परवाना क्रमांक, वजन, किंमत आणि हिरवी खूण मात्र त्या लेबलवरही लागतेच, म्हणून लेबलची फाइल ऑगस्टमध्येच, मूळ डिझाइनबरोबर तयार करून ठेवायची.